मृत्युपत्राला आव्हान द्यायचे असेल तर : आधार कसा निवडावा, पुरावा कसा जमवावा

एका वारसाला वगळले किंवा सगळी मिळकत एकाच मुलाच्या नावे केली, एवढ्यावरून न्यायालय मृत्युपत्र बाजूला ठेवत नाही. कायद्याने ठरवून दिलेला वारसाहक्काचा क्रम बदलावा यासाठीच तर माणूस मृत्युपत्र करतो, त्यामुळे वाटणी विषम असणे हा स्वतंत्र आक्षेप होऊ शकत नाही. न्यायालय पाहते ते एवढेच, की हा कागद खरोखर मृत व्यक्तीचा आहे का. सही त्याचीच आहे का, सही करताना आपण काय करतो आहोत हे त्याला समजत होते का, तो निर्णय त्याने स्वतःच्या मर्जीने घेतला का, आणि कायद्याने सांगितलेल्या पद्धतीने साक्षीदारांनी त्यावर सह्या केल्या का, या चार प्रश्नांभोवती सगळा वाद फिरतो.

यातले कोणते प्रश्न कोणी सिद्ध करायचे, हे नवख्या माणसाने सर्वात आधी समजून घ्यायला हवे. जो मृत्युपत्राच्या आधारे मिळकत मागतो, त्यानेच ते रीतसर झाल्याचे आणि मृत्युपत्रकर्त्याचे मन त्या वेळी शाबूत असल्याचे सिद्ध करायचे असते. मात्र दबाव, धाकदपटशा किंवा फसवणूक झाली असे आपण म्हणत असू, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. बहुतेक कुटुंबे नेमकी इथेच चुकतात. रागाच्या भरात ती दबावाची गोष्ट पुढे करतात आणि जे ओझे मुळात समोरच्या पक्षाचे होते ते आपल्या डोक्यावर घेतात. आधार निवडताना कोणता आरोप अधिक झोंबणारा आहे हे पाहण्यापेक्षा आपल्या हातात कोणता पुरावा आहे हे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील विवेचन महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबाला धरून केले आहे. मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राचे नियम वेगळे आहेत, आणि गोव्यात तर निम्मी मिळकत कायद्यानेच ठरावीक वारसांसाठी राखून ठेवलेली असल्यामुळे तिथला वाद वेगळ्याच मुद्द्यावर उभा राहतो.

सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक, वय ८१, जून २०२४ मध्ये वारले. पत्नी आधीच गेलेली. मागे एक मुलगा आणि दोन मुली. मिळकत म्हणजे साताऱ्यात स्वतःच्या कमाईतून घेतलेला एक फ्लॅट, बँकेतील काही ठेवी आणि गावाकडची दोन एकर वडिलोपार्जित जमीन. वडील गेल्यानंतर महिन्याभराने मुलाने १४ मार्च २०२४ या तारखेचे, नोंदणी न केलेले, तीन पानी टंकलिखित मृत्युपत्र बाहेर काढले. त्यात सर्व काही मुलाला दिले असून, ‘मुलींनी लग्नानंतर माझ्याशी संबंध ठेवले नाहीत’ असे कारण लिहिले आहे. साक्षीदार दोन, मुलाच्या दुकानात काम करणारा एक इसम आणि त्याच इमारतीतील एक शेजारी. थोरल्या मुलीला हे मृत्युपत्र मान्य नाही. तिने काय करावे?

पहिली पायरी : मृत्युपत्राचा अंमल कुठवर चालतो ते पाहा

मृत्युपत्र खरे की खोटे हे ठरवण्याआधी, ते खरे मानले तरी त्याने काय काय जाऊ शकते, याचा हिशेब करावा. माणूस मृत्युपत्राने फक्त आपल्या मालकीचे देऊ शकतो. फ्लॅट आणि ठेवी वडिलांच्या स्वकष्टार्जित असल्याने त्यांचे त्यांनी काय करावे हा सर्वस्वी त्यांचा अधिकार होता. जमिनीचे तसे नाही. ती खरोखरच एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही मुलाप्रमाणेच जन्मापासून त्यात सहहिस्सेदार आहेत. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. वडील, मुलगा आणि दोन मुली असे चार हिस्से धरले तर प्रत्येकाचे २० गुंठे होतात. वडील मृत्युपत्राने फक्त आपले २० गुंठे देऊ शकत होते. मृत्युपत्रात संपूर्ण गट क्रमांक लिहून सगळी जमीन मुलाला दिली असली, तरी प्रत्येक मुलीच्या २० गुंठ्यांना त्याने धक्का लागत नाही.

हा हिशेब कागदावर मांडला की वादाचे खरे मोल कळते. यासाठी जुने सातबारा उतारे आणि फेरफार काढून जमीन वडिलांकडे कशी आली हे पाहावे लागते. आजोबांच्या नावावरून वारसाने आलेली जमीन आणि वडिलांनी खरेदीखताने घेतलेली जमीन यांत मोठा फरक आहे, आणि वारसाने आलेली प्रत्येक जमीन आपोआप वडिलोपार्जित ठरत नाही. ती कधी व कोणत्या कायद्याखाली आली, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

दुसरी पायरी : कागद गोळा करा, आणि तेही लवकर

समोरच्याने मृत्युपत्राची झेरॉक्स दाखवली असेल, तर पूर्ण प्रत लेखी मागावी आणि मूळ कागद कोणाच्या ताब्यात आहे ते लिहून घ्यावे. त्यानंतर दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्यावा. नोंदणी झालेली मृत्युपत्रे पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतात. माणूस हयात असेपर्यंत त्यांची नक्कल त्याच्याखेरीज किंवा त्याच्या प्रतिनिधीखेरीज कोणाला मिळत नाही, मात्र मृत्यूनंतर मृत्युदाखला जोडून कोणीही अर्ज करू शकतो. ही सोय अनेकांना माहीत नसते. आपल्या उदाहरणात थोरल्या मुलीने असा अर्ज केला, तेव्हा वडिलांनी २०१६ साली केलेले एक नोंदणीकृत मृत्युपत्र सापडले असे समजू. त्यात फ्लॅट तिन्ही मुलांना समान दिला होता, जमिनीचा उल्लेख नव्हता.

या जुन्या कागदाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर नंतरच्या मृत्युपत्रात वडिलांचा विचार एकाएकी का बदलला, या प्रश्नाचे उत्तर आता मुलाला द्यावे लागेल. दुसरे असे, की नंतरचे मृत्युपत्र अवैध ठरले तर बिनमृत्युपत्री वारसाचा नियम लगेच लागू होत नाही. आधीचे वैध मृत्युपत्र असेल तर ते जिवंत राहते. म्हणून शोध घेतल्याशिवाय आव्हान देऊ नये. आधीचे मृत्युपत्र आपल्याला अधिक प्रतिकूल निघाले, तर जिंकूनही हाती काही लागत नाही. इथे तसे नाही, कारण २०१६ च्या मृत्युपत्राने आणि वारसा कायद्याने, दोन्हीकडून फ्लॅटचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्साच येतो.

वैद्यकीय कागदांच्या बाबतीत दिरंगाई फार महागात पडते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायचे असतात आणि अधिकृत व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. तीन वर्षांनंतर ते नष्ट झाले तर कोणाला दोष देता येत नाही, आणि दिवाणी दाव्यात पुराव्याची वेळ येईपर्यंत तीन वर्षे सहज निघून जातात. केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. परिचारिकांच्या रोजच्या नोंदी, औषधांचा तक्ता, भरती अर्ज, आणि सुट्टी मिळाल्यानंतर बाह्यरुग्ण विभागात दाखवल्याचे कागद हेही मागावेत. रुग्णालयाने टाळाटाळ केली तर लेखी अर्जाची पोच जपून ठेवावी. पुढे न्यायालयामार्फत कागद मागवताना ती उपयोगी पडते.

तिसरी पायरी : मिळकत हातची जाऊ देऊ नका

मुलगा मृत्युपत्र घेऊन तलाठ्याकडे जाईल, गृहनिर्माण सोसायटीकडे जाईल आणि बँकेतही जाईल. तिन्ही ठिकाणी लेखी हरकत पोचती करावी. गावाकडे फेरफाराची नोंद धरली गेली की संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली की नोंद तक्रारी प्रकरण म्हणून चालते. हरकतीत भावनिक मजकूर न घालता, आपण वर्ग एकचे वारस आहोत, मृत्युपत्र मान्य नाही, ते दिवाणी न्यायालयात सिद्ध झालेले नाही आणि आपला स्वतःचा सहहिस्सेदार म्हणूनही हक्क आहे, एवढे मुद्दे लिहावेत.

मुदत चुकून फेरफार मंजूर झाला तरी खचून जाऊ नये. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती नोंद सारावसुलीच्या सोयीसाठी असते, आणि मृत्युपत्राच्या खरेपणाचा निवाडा महसूल अधिकारी करू शकत नाहीत. पण मंजूर फेरफाराच्या जोरावर मुलगा जमीन विकू शकतो, म्हणून धोका उरतोच. यासाठी दावा दाखल करताना तूर्तातूर्त मनाई हुकमाचा अर्ज सोबतच द्यावा आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी, म्हणजे शोध घेणाऱ्या खरेदीदाराला ती दिसते.

चौथी पायरी : आधार निवडा

इथे घाई करू नये. चारही आधार एकेक करून आपल्या कागदांशी ताडून पाहावेत.

सर्वात कोरडा आणि सर्वात भक्कम आधार म्हणजे साक्षांकनातील दोष. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येक साक्षीदाराने मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेले असले पाहिजे, किंवा ‘ही माझी सही आहे’ असे त्याने स्वतः साक्षीदाराला सांगितलेले असले पाहिजे, आणि साक्षीदाराने आपली सही मृत्युपत्रकर्त्याच्या समोर केलेली असली पाहिजे. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही, हेही लक्षात ठेवावे, नाहीतर चुकीच्या मुद्द्यावर वेळ जातो. साक्षीदार हयात आणि उपलब्ध असेल तर किमान एकाला न्यायालयात उभे करावेच लागते. हा नियम पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये होता, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे.

बोलावलेल्या त्या एका साक्षीदाराने केवळ स्वतःच्या सहीविषयी सांगून भागत नाही. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या प्रकरणात एका साक्षीदाराची साक्ष झाली, पण दुसऱ्याने मृत्युपत्रकर्त्याच्या समोर सही केली हे त्याच्या तोंडून सिद्ध झाले नाही, आणि दुसरा साक्षीदार उपलब्ध असूनही त्याला बोलावले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ते मृत्युपत्र सिद्ध झाले नाही असे धरले. त्यात कोणी दबाव आणला, कोणी खोटी सही केली, यातले काहीही सिद्ध करावे लागले नाही. आपल्या उदाहरणातील शेजारी जर एवढेच म्हणाला, की ‘मुलगा कागद घेऊन माझ्या घरी आला, मी सही केली, काका तेव्हा वर त्यांच्या घरात होते’, तर मृत्युपत्र तिथेच कोसळते.

दुसरा आधार खोट्या सहीचा. नवख्या माणसाला हा सर्वात सोपा वाटतो, कारण सही वेगळी दिसते. परंतु ८१ वर्षांच्या आजारी माणसाची सही त्याच्या पन्नाशीतल्या सहीपेक्षा वेगळी दिसणारच. तुलना करायची ती त्याच काळातल्या, निर्विवाद सह्यांशी. पेन्शनच्या बँकेतील हयातीचा दाखला, शेवटच्या वर्षातील धनादेश, सोसायटीच्या सभेचे हजेरीपुस्तक, रुग्णालयातील संमतिपत्र, अशा कागदांवरच्या सह्या शोधाव्यात. हस्ताक्षरतज्ज्ञाला मूळ कागद लागतो. झेरॉक्सवर पेनाचा दाब, रेघेचा ओघ किंवा पेन मध्येच उचलल्याच्या खुणा दिसत नाहीत. थरथरत्या हाताच्या सहीत कंप सगळीकडे, असमान पसरलेला असतो. नक्कल करणाऱ्याची रेघ मात्र हळू, सारख्या जाडीची आणि ठिकठिकाणी थबकलेली दिसते. तज्ज्ञाचे मत शेवटी मतच असते, आणि विश्वासार्ह साक्षीदाराच्या साक्षीपुढे न्यायालय ते दुय्यम मानू शकते. त्यामुळे केवळ तज्ज्ञाच्या अहवालावर दावा उभा करू नये.

सहीखेरीज कागदही बोलतो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, पण अनेक जण ते मुद्रांक कागदावर करतात. तसे असेल तर मागच्या बाजूला विक्रेत्याची नोंद, अनुक्रमांक, तारीख आणि खरेदीदाराचे नाव पाहावे. मृत्युपत्राच्या तारखेनंतर विकत घेतलेला मुद्रांक निघाला, तर वादाचा निकाल जवळपास तिथेच लागतो. आपल्या उदाहरणात कागद साधा आहे, मात्र सही फक्त तिसऱ्या पानावर आहे, आणि पहिल्या दोन पानांवरची अक्षरे तिसऱ्या पानापेक्षा किंचित लहान आहेत. प्रत्येक पानावर सही असलीच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. तरीही ‘मुलींनी संबंध ठेवले नाहीत’ हे वाक्य आणि मिळकतीचे वर्णन ज्या पानांवर आहे, नेमकी तीच पाने वडिलांच्या सहीविना आहेत, हे निदर्शनास आणून द्यायलाच हवे.

तिसरा आधार मनाच्या अवस्थेचा. कायदा वृद्धत्व किंवा आजारपण पाहत नाही. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे, आजार, नशा किंवा अन्य कारणाने आपण काय करतो आहोत हेच माणसाला कळत नव्हते का, हे पाहिले जाते, तेही मृत्युपत्र केले त्या वेळेपुरते. मनोविकार असलेला माणूसही शुद्धीच्या काळात वैध मृत्युपत्र करू शकतो. आपल्या शिक्षकांना मार्चच्या पहिल्या आठवड्यात रक्तातील सोडियम फार कमी झाल्याने भरती केले होते. भरतीच्या वेळी सोडियम ११८ होते आणि ‘वेळेचे भान नाही’ अशी नोंद आहे. ९ मार्चला सुट्टी देताना ते १३१ होते. मुलीला वाटेल की एवढा पुरावा पुरेसा आहे. तो पुरेसा नाही. सर्वसाधारण प्रमाण १३५ पासून पुढे असते, म्हणजे सुट्टीच्या वेळी वडील बरेच सावरले होते, आणि समोरचा वकील नेमके हेच म्हणेल. भरतीच्या वेळचा गोंधळ १४ मार्चच्या स्थितीबद्दल फारसे काही सांगत नाही.

उपयोगी पडतो तो त्या तारखेच्या आसपासचा कागद. १३ मार्चला वडिलांना पुन्हा दाखवायला नेले होते आणि त्या दिवशीच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ‘गुंगी आहे, रात्री असंबद्ध बोलतात असे मुलगा सांगतो’ असे लिहिले आहे, असे धरू. मृत्युपत्राच्या आदल्या दिवशीची ही नोंद आहे, आणि माहिती देणारा खुद्द लाभार्थी आहे. सोडियमच्या आकड्यापेक्षा या एका ओळीचे वजन कितीतरी जास्त. मृत्युपत्राला जोडलेल्या डॉक्टरच्या दाखल्याकडेही असेच बारकाईने पाहावे. तो दाखला १५ मार्चचा असेल आणि देणारा डॉक्टर उपचार करणारा नसेल, तर आदल्या दिवशी सही करताना रुग्ण कसा होता हे त्याला कसे कळले, हा प्रश्न उभा राहतो. उलट त्याच आठवड्यात वडिलांनी स्वतः बँकेत जाऊन व्यवहार केल्याचे निघाले, तर हा आधार सोडून देण्याची तयारी ठेवावी.

चौथा आधार दबावाचा. कलम ६१ खालील उदाहरणे प्रत्येकाने एकदा वाचावीत, कारण कायद्याने सीमारेषा तिथेच आखून दिली आहे. माणूस इतका क्षीण झाला आहे की तगाद्याला तोंड देण्याची ताकद त्याच्यात नाही, आणि केवळ सुटका व्हावी म्हणून समोरचा सांगेल तसे मृत्युपत्र करून देतो, तर ते अवैध. पण स्वतःचा विचार करण्याइतपत धडधाकट असलेल्या माणसाला कोणी कळकळीने विनवले, मन वळवले आणि त्याने विचारपूर्वक तसे मृत्युपत्र केले, तर ते वैध. मृत्युपत्रात काही मिळावे म्हणून कोणी सेवा केली, गोड बोलले, तरी त्याने मृत्युपत्र बिघडत नाही. मुलगा वडिलांजवळ राहत होता, जेवण-औषध तोच पाहत होता, म्हणून त्याचा प्रभाव होता, एवढे म्हणून भागत नाही. ज्याने शेवटपर्यंत सांभाळले त्याला अधिक देणे हे न्यायालयांना सहसा स्वाभाविक वाटते, आणि ते योग्यही आहे. दबाव सिद्ध करायचा तर वडिलांना फोनवर बोलू दिले जात नव्हते, मुलींना घरात येऊ दिले नव्हते, वकील मुलानेच आणला, मजकूर त्यानेच सांगितला, अशा ठोस घटना तारखांसह लागतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे फसवणूक आणि गैरवाजवी दबावाचा तपशील दाव्यात लिहिणे बंधनकारक आहे. मोघम आरोप फेटाळला जातो.

या चारांना जोडणारा धागा म्हणजे न्यायालये ज्याला ‘संशयास्पद परिस्थिती’ म्हणतात ती. एच. व्यंकटाचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. थिम्मजम्मा या १९५८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सही शंकास्पद असणे, मृत्युपत्रकर्त्याचे मन दुर्बल झालेले असणे, वाटणी अस्वाभाविक असणे, किंवा ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतलेला असणे, अशा गोष्टी असतील तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्याने त्या सर्व शंका दूर केल्या पाहिजेत. येथे आपल्याला दबाव झाल्याचे सिद्ध करायचे नसते. शंका का रास्त आहे एवढे दाखवायचे असते. नोंदणी झालेली असली तरी शंका आपोआप मिटत नाही. मात्र निबंधकासमोरचा फोटो, अंगठ्याचा ठसा आणि तिथे विचारलेले प्रश्न यांमुळे खोट्या सहीचा आरोप बराच दुबळा होतो.

आपल्या उदाहरणात सर्वात ठळक शंका मृत्युपत्रातील कारणाने निर्माण होते. मुलींनी संबंध ठेवले नाहीत, असे कागद म्हणतो. रुग्णालयाच्या भरती अर्जावर मात्र ‘जवळचे नातेवाईक’ म्हणून थोरल्या मुलीचे नाव आणि सही आहे, आणि बिलाची रक्कम तिच्या खात्यातून गेली आहे. मृत्युपत्राच्या जेमतेम दहा दिवस आधीची ही घटना आहे. शुद्धीत असलेला बाप स्वतःहून असे लिहील का, हा प्रश्न न्यायाधीशांच्या मनात आपोआप येतो. केवळ वगळले असते आणि कारण दिले नसते, तर मुलीचा पक्ष यापेक्षा दुबळा राहिला असता.

पाचवी पायरी : दावा योग्य रूपात मांडा

‘सही वडिलांची नाहीच’ आणि ‘वडिलांकडून दबावाने सही घेतली’ ही दोन विधाने एका श्वासात करू नयेत. पर्यायी बचाव मांडण्याची मुभा असली तरी उलटतपासात ‘नेमके काय झाले असे तुमचे म्हणणे आहे?’ हा प्रश्न येतो आणि मुलगी गोंधळली तर दोन्ही मुद्दे जातात. या प्रकरणात मी क्रम असा ठेवीन : मृत्युपत्र कायद्याने सांगितल्याप्रमाणे झालेले नाही, वडिलांना त्या वेळी मजकूर समजत नव्हता, आणि पुढील शंका दूर झालेल्या नाहीत. त्याखाली सह्या नसलेली पाने, खोटे कारण, साक्षीदाराचे मुलाशी असलेले नाते, १३ मार्चची नोंद आणि २०१६ चे मृत्युपत्र हे सर्व तारखांसह मांडावे. दबावाचा स्वतंत्र आरोप, ठोस घटना नसतील तर, करूच नये.

साताऱ्यासारख्या ठिकाणी मुलीने वाटप, ताबा आणि मृत्युपत्र आपल्यावर बंधनकारक नसल्याचे जाहीर करून मिळावे असा दावा दिवाणी न्यायालयात करावा. वारस म्हणून वाटप मागितले, की मृत्युपत्र पुढे करून ते सिद्ध करण्याचे काम मुलावर येते. जाहीर ठरावाच्या मागणीसाठी मुदत साधारणपणे हक्क नाकारला गेल्यापासून तीन वर्षे धरून चालावे. मृत्युपत्राची माहिती केव्हा, कोणाकडून मिळाली, ती तारीख नोंदवून ठेवावी.

मुंबईत हे वाद २०२५ पर्यंत बहुधा प्रोबेटच्या, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याच्या, वाटेने येत. प्रोबेटचा अर्ज झाला की वारसांना सायटेशन, म्हणजे न्यायालयाची नोटीस मिळते, आणि त्यात दिलेल्या मुदतीत कॅव्हेट, म्हणजे लेखी हरकत, व त्याच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र दाखल केले की अर्जाचे रूपांतर दाव्यात होते. कॅव्हेट घालणाऱ्याचा मृताच्या मिळकतीत वारस किंवा आधीच्या मृत्युपत्रातील लाभार्थी म्हणून हितसंबंध असावा लागतो. प्रोबेट न्यायालय मिळकतीची मालकी ठरवत नाही, त्यामुळे ‘ही जमीन मुळात वडिलांची नव्हतीच’ हा वाद तिथे चालत नाही, त्यासाठी वेगळा दावा करावा लागतो. सायटेशन न मिळताच प्रोबेट दिले गेले असेल तर भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६३ खाली ते रद्द करून मागता येते, पण त्यालाही प्रोबेट दिल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे.

खोटे मृत्युपत्र बनवणे हा गंभीर फौजदारी गुन्हा आहे. तरीही पोलिस तक्रारीने मृत्युपत्र रद्द होत नाही, आणि ठोस पुराव्याविना केलेली तक्रार पुढे आपल्याच विरुद्ध वापरली जाते.

सहावी पायरी : साक्षीदाराच्या उलटतपासाची तयारी

वकिलाला केवळ कागद देऊन थांबू नये. १४ मार्चच्या दिवसाचा नकाशा तयार करून द्यावा. फ्लॅट कोणत्या मजल्यावर आहे, वडील कोणत्या खोलीत झोपत, त्यांना उठून बसता येत होते का, चष्मा कोणता, घरात टंकलेखनाची सोय होती का, तो दिवस कोणता वार होता, दुकानाला सुट्टी होती का. सही झालीच नसेल किंवा वेगळ्या ठिकाणी झाली असेल, तर शिकवून आणलेला साक्षीदार मुख्य गोष्ट बिनचूक सांगतो आणि आजूबाजूच्या साध्या गोष्टींत अडखळतो. आधी कोणी सही केली, पेन कोणी दिले, वडिलांनी मजकूर स्वतः वाचला की कोणी वाचून दाखवला, दुसरा साक्षीदार कुठे बसला होता, वडील काय बोलले, हे प्रश्न दोन्ही साक्षीदारांना एकाच क्रमाने विचारले जावेत, कारण उत्तरांतील तफावत तेव्हाच उघडी पडते. समोरच्याने दुसऱ्या साक्षीदाराला बोलावलेच नाही, तर तो हयात आहे आणि कुठे राहतो हे नोंदीवर आणावे.

या टप्प्यावर मुलगा तडजोडीला तयार झाला, तर ती घरगुती कागदावर न करता न्यायालयात समझोता दाखल करून हुकूमनामा घ्यावा आणि त्याची रीतसर नोंदणी लागते का हे विचारून घ्यावे. दावा चालून मृत्युपत्र सिद्ध झाले नाही, तर फ्लॅटचा आणि ठेवींचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा होईल. वडिलांच्या २० गुंठ्यांचेही तीन समान वाटे पडतील, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचे २० गुंठे अधिक साधारण पावणेसात गुंठे मिळतील. हुकूमनाम्याची प्रत तलाठी कार्यालयात देऊन आधीचा फेरफार दुरुस्त करून घ्यावा. फ्लॅटची सोसायटीतील नोंद आणि जमिनीचे प्रत्यक्ष मोजून वाटप यांसाठी पुढे स्वतंत्र अर्ज करावे लागतात.